आबा, माई आणि पाच आठवड्यांची हाक: एका गीज जोडीचं प्रकरण

हे प्रकरण मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनहोम कॉम्प्लेक्सचं आहे. कॉम्प्लेक्सचं आणि माणसांची नावं मुद्दाम टाळलीयेत. मी तेव्हा असोसिएशनच्या बोर्डावर होते, त्यामुळे तक्रारींच्या ईमेल माझ्याकडे यायच्या आणि दुर्बीण पण माझ्याकडेच होती, म्हणून दोन्ही बाजू जवळून बघायला मिळाल्या.

पार्श्वभूमी

आमच्याकडे पावसाचं पाणी साठवायला एक तळं आहे, भोवती कापलेलं हिरवं गवत. कॅनडा गूज या इथल्या मोठ्या रानहंसाला याहून चांगलं काही लागत नाही. कोवळं गवत खायला, धोका आला तर दोन पावलांवर पाणी, आणि चारी बाजूंनी लांबवर दिसतं. इथले बरेचसे गीज कुठेही जात नाहीत, वर्षभर इथेच असतात. पूर्वी शिकारी लोक पाळीव गीज बांधून ठेवायचे, वरून जाणारे थवे खाली उतरावेत म्हणून. १९३५ मध्ये त्यावर बंदी आली, पक्षी सोडून दिले गेले आणि आजचे हे 'रेसिडेंट' गीज मोठ्या प्रमाणावर त्यांचेच वंशज. कॅनडातून खरेखुरे स्थलांतर करणारे थवे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि यांच्यात मिसळतात.

त्यातली एक जोडी सगळ्यांच्या ओळखीची होती, कारण दर वर्षी ती कचऱ्याच्या कुंपणामागे घरटं करायची आणि नर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावर धावायचा. आमच्याकडच्या मुलांनी त्यांना आबा आणि माई अशी नावं ठेवली होती. आबाच्या उजव्या पायाचं मधलं बोट नव्हतं आणि माईच्या गालावरचा पांढरा पट्टा एका बाजूला तुटक होता. या दोन खुणा पुढे फार कामाला आल्या. त्या वर्षी त्यांची तीन पिल्लं मोठी झाली होती, ऑक्टोबरपर्यंत आकाराने आईबापाएवढीच.

आणि आवाज. मराठीत गूज म्हणजे कानात सांगायची गोष्ट आणि या पक्ष्याचं नाव गूज, कुणी ठेवलं असेल ते असो. सकाळी सातला अख्खा थवा घरांवरून ओरडत यायचा आणि संध्याकाळी सूर्य बुडता बुडता तसाच ओरडत नदीकडे जायचा. तक्रारींमध्ये विष्ठा पहिल्या नंबरवर आणि आवाज दुसऱ्या. बोर्डाने म्हणूनच एक नोव्हेंबरपासून बॉर्डर कोली कुत्रा फिरवणाऱ्या सर्व्हिसचं कॉन्ट्रॅक्ट करून ठेवलेलं होतं. कुत्रा पक्ष्याला इजा करत नाही, फक्त रोज इतकं हैराण करतो की थवा दुसरी जागा शोधतो.

काय झालं

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात शनिवारी सकाळी माईला पार्किंगमध्ये गाडीचा धक्का लागला. डावा पंख खाली लोंबत होता, टोक जमिनीला घासत होतं. रक्त जवळपास नाही, चालत होती. एका शेजाऱ्याने चांगल्या मनाने तिला पकडायला धाव घेतली आणि ती सरळ तळ्यात गेली. तिथेच पहिली चूक झाली, कारण गूज पाण्यात गेला की उडता येत नसलं तरी तो हातात येत नाही. तो दिवस गेला.

त्या संध्याकाळी थवा निघाला तेव्हा मी मुद्दाम बघत थांबले. उडायच्या आधी हे लोक एक ठरावीक हालचाल करतात, मान ताठ आणि डोकं झटक्या-झटक्याने वर, चोच हलवत, आणि बरोबर आवाजाचा वेग वाढत जातो. अमेरिकेत रेव्हलिंग नावाच्या संशोधकाने १९६९ मध्ये यावर लिहून ठेवलंय, की कुटुंबातल्या नराने डोकं झटकायला सुरुवात केली की कुटुंब लवकर उडतं. आबाने सुरुवात केली. तिन्ही पोरांनी पण केली. माईनेही केली, तो खाली आलेला पंख घेऊन. मग आबा उडाला, वीस-पंचवीस फूट वर गेला, माई मागे नाही म्हणून ओरडत वळला आणि परत पाण्यात उतरला. हे चार वेळा झालं. पोरं शेवटी थव्याबरोबर गेली, आबा राहिला.

आधी एक गैरसमज

दुसऱ्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो प्रसिद्ध फॉरवर्ड आला. मागचे हंस ओरडून पुढच्याला हुरूप देतात, व्ही आकारामुळे ७१ टक्के जास्त अंतर जातात, आणि जोडीदार गेला तर दुसरा उपाशी मरतो. हा फॉरवर्ड माझ्या ऑफिसच्या ट्रेनिंगमध्येही दाखवतात. पण याच्यावर विसंबून निर्णय घेतला असता तर प्रकरण बिघडलं असतं, म्हणून थोडं थांबून सांगते.

७१ टक्के हा आकडा १९७० सालच्या एका गणितातून आलाय, पंचवीस पक्षी एकदम आदर्श अंतर ठेवून उडाले तर काय होईल त्याचं. खऱ्या पक्ष्यांवर मोजलेला नाही. फायदा आहे, तो बराच कमी आहे. आणि हुरूप देण्याला काही पुरावा नाही. थवा म्हणजे एक फौज नसते, ती चार-पाच-सहा जणांची कुटुंबं एकत्र उडत असतात, हिवाळाभर पोरं आईबापाजवळच असतात. धुकं, अंधार, वारा, शंभर सारखे दिसणारे पक्षी, आणि दुसऱ्याच्या पंखामागच्या वर चढणाऱ्या हवेचा फायदा घ्यायचा तर त्याच्या अगदी थोडं बाजूला राहायचं. मान वळवून घरचे मोजत बसणं परवडत नाही. म्हणून सतत हाक. मी इथे आहे, तू कुठे आहेस, वळतोय, उतरतोय. नराचा आवाज जाड असतो, मादीचा थोडा वरच्या पट्टीचा, आणि प्रत्येकाच्या आवाजात आपला असा पोत असतो ज्यावरून जोडीदार ओळखला जातो. आपल्याकडे जत्रेत आई जशी सारखी पोरांची नावं घेत चालते, ती काही कुणाला प्रोत्साहन देत नसते.

जन्माच्या जोडीचं पण तसंच. ते प्रेमाबिमाचं काय असेल ते असो, हिशोब पक्का आहे. मादी २५ ते २८ दिवस एकटी अंड्यांवर बसते आणि त्या काळात जवळजवळ खात नाही, त्यामुळे तिची चरबी आधीच साठलेली हवी. ती साठवता येते कारण वसंताच्या सुरुवातीला ती खाली मान घालून चरत असते तेव्हा नर मान वर करून राखण करत असतो. ओळखीच्या जोडीदाराबरोबर हे सगळं सुरळीत होतं, नव्याबरोबर बऱ्याचदा एखादा हंगाम वाया जातो. मोठं कुटुंब चराईच्या जागेवर बाकीच्यांना हटवू शकतं. म्हणून घटस्फोट क्वचित. पण जोडीदार मेला तर उरलेला बहुतेक वेळा पुन्हा जोडी करतो, उपाशी मरत नाही. म्हणजे आबाला वाचवायची घाई नव्हती. घाई होती ती माईची जागा रिकामी आहे तोवर तिला परत आणायची.

पर्याय

वन्यपक्षी सांभाळायचं लायसन्स असलेल्या एका बाईंना मी रविवारी फोन केला. कॅनडा गूज फेडरल कायद्याखाली संरक्षित आहे, घरी ठेवून उपचार करता येत नाहीत, हे त्यांनी आधी स्पष्ट केलं. मग आमच्यासमोर असं होतं.

माईला तशीच सोडायची. उडता न येणारे गीज तळ्यावर काही महिने जगतात, पण पाणी गोठलं की संपतं.

दोघांनाही पकडून न्यायचं. ग्रुपवर बहुतेकांचं मत हेच, ताटातूट नको. बाईंनी नाही म्हटलं. धडधाकट नराला पिंजऱ्यात टाकला तर तो डोकं आपटून घेईल, शिवाय तीन पोरं अजून त्याच्यामागे उडतायत. वर, निरोगी पक्षी पकडायची परवानगी नाही.

फक्त माईला न्यायचं आणि बरी झाली की बरोबर याच तळ्यावर सोडायचं. इथे अडचण अशी, की एक नोव्हेंबरला कुत्रा येणार. कुत्र्याने थवा हाकलला तर आबा जाईल आणि माई परत येऊन हाक कुणाला मारणार?

माझी सासू तेव्हा सोलापूरहून आलेली. उजनीच्या काठावर तिचं माहेर. ती म्हणाली, "अगं आमच्याकडे चक्रवाकाची गोष्ट आहे ना तसलंच हे, रात्री नदीच्या दोन काठांवरून एकमेकाला हाका मारत बसतात." मी म्हटलं आई, ही गोष्ट बोर्डाच्या मीटिंगमध्ये सांगून चालणार नाही. पण मनातून पटलं होतं.

काय केलं

सोमवारी पकडलं. बाईंनी फोनवर पद्धत सांगितली. पाण्यापासून दूर गवतावर अख्ख्या मक्याची रांग टाकायची, ब्रेड नाही. ती चरत चरत बाहेर आली की दोघांनी पाण्याच्या आणि तिच्या मधे सावकाश यायचं, धावायचं नाही. एकाने चादर टाकायची, दुसऱ्याने आबाला उघड्या छत्रीने अडवायचं. छत्री माझ्याकडे होती आणि आबाने तिच्या दोन काड्या वाकवल्या. चादरीतून दोन्ही पंख अंगाशी दाबून धरायचे, पक्षी काखेत, तोंड मागच्या बाजूला म्हणजे चोच आपल्या चेहऱ्यापर्यंत येत नाही. भोकं पाडलेला मोठा पुठ्ठ्याचा खोका, आत अंधार. खोक्यात गेल्यावर माई एकदम गप्प झाली. आबा मात्र उडाला आणि गाडी गेटबाहेर पडेपर्यंत वरून गोल फिरत होता.

एक्स-रेमध्ये पंखातल्या दोन समांतर हाडांपैकी जाड हाड मोडलेलं, बारीक शाबूत. ही नशीबाची गोष्ट, कारण शाबूत हाडच आतून फळीसारखं काम करतं आणि ऑपरेशन लागत नाही. इंग्रजी आठच्या आकाराचं बँडेज, साधारण तीन आठवडे. पक्ष्याची हाडं लवकर जुळतात. खरी भीती उलटी असते, बँडेज जास्त दिवस राहिलं तर पंखाच्या पुढच्या कडेची कातडी आखडते आणि हाड जुळूनही पंख पूर्ण उघडत नाही, म्हणून मधे मधे सोडून हलक्या हाताने ताणून बघावं लागतं.

इकडे बोर्डाची मीटिंग. कुत्रेवाल्यांना एक महिना पुढे ढकलायचं की नाही, यावर एक तास वाद झाला. एका गृहस्थांनी विचारलं, की एका पक्ष्यासाठी ऐंशी घरांनी महिनाभर बुटाला घाण लावून घ्यायची का. प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुढे ढकललं, त्यानंतर काहीही झालं तरी कुत्रा येणार असं ठरलं. तीन विरुद्ध दोन.

आबा पहिले तीन दिवस थव्याबरोबर गेला नाही. चौथ्या संध्याकाळी पोरांबरोबर उडाला आणि ग्रुपवर रडके इमोजी आले. सकाळी परत. पण थव्यासारखा सरळ उतरायचा नाही, आधी तळ्यावर कमी उंचीवर दोन चकरा मारायचा, तीन-चार हाका, मग गप्प. परत हाका, परत गप्प. ती मधली शांतता मला नंतर कळली, तो उत्तर ऐकत होता.

दोन गोष्टी ज्यात आम्ही घसरलो

पहिली माझी. बाईंनी माईच्या आवाजाची क्लिप पाठवली होती, सहज, ती ठीक आहे कळावं म्हणून. मी ती छोट्या स्पीकरवर गाडीतून वाजवली. आबाने चरणं थांबवलं, मान ताठ, लगेच उत्तर दिलं आणि चालत गाडीकडे आला. वीस मिनिटं तो गाडीभोवती फिरत होता. दुसऱ्या दिवशी नेटवरून कुठल्यातरी अनोळखी गूजचा आवाज लावून बघितला, त्याने मान वर केली आणि परत खाली घातली. एका पक्ष्यावर दोनदा केलेल्या प्रयोगातून सिद्ध काही होत नाही, पण मला आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. बाईंना सांगितलं तर त्या चांगल्याच चिडल्या. म्हणाल्या, "खोटी हाक दिलीस त्याला. दोन-चारदा असं झालं तर खरी येईल तेव्हा तो कशाला वळेल?"

दुसरी सगळ्यांची. चौथ्या आठवड्यात आबाच्या बाजूला एक मादी सारखी दिसायला लागली. चरताना जवळ, झोपताना जवळ. ग्रुपवर सुरू झालं, बघा पुरुषाची जात, महिनाभरात दुसरी आणली. आता हा विनोद असला तरी निर्णय त्याच्यावर अडला होता. बाईंचं मत होतं की माईला आणखी तीन आठवडे मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात उडवून पंख पक्का करावा. पण आबाची नवी जोडी जुळत असेल तर तीन आठवडे फार होते, हिवाळ्यातच जोड्या जमतात. मी घाई करायच्या बाजूने होते, आणि बोर्डाची तारीख पण डोक्यावर होती.

बाईंनी फोटो मागवले, शेपटीचे. मला कळेना शेपटी कशाला. त्या वर्षीच्या पिल्लाच्या शेपटीच्या काही पिसांची टोकं खाच पडल्यासारखी असतात, कारण पहिला लवीचा कोवळा भाग तिथून झडलेला असतो. मोठ्या पक्ष्याची टोकं गोल, पूर्ण. फोटो झूम करून बघितला तर खाचा स्पष्ट. ती मुलगी होती! बाकी दोन भावंडं थव्यात रमली होती, ही बापाला चिकटून होती. नीट बघितलं असतं तर वागण्यातूनही कळलं असतं. जोडीदार असती तर भांडण करून आल्यावर दोघांनी मान लांब करून, जमिनीलगत आणून, एकमेकाच्या तोंडाशी जोरजोरात ओरडणं बरोबरीने केलं असतं, ही मागे मागे यायची फक्त.

त्यामुळे घाई टळली, पण तीन आठवडे नाही मिळाले, एकच मिळाला. पंख साधारण पूर्ण उघडत होता, पिंजऱ्यात ती आडवी उडत होती, चढ घेताना डावीकडे झुकत होती. बाई म्हणाल्या, मनासारखं नाही पण चालेल, तळं आहे, पाणी आहे, लगेच लांब उडायची गरज नाही.

सोडलं तो दिवस

थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार, सकाळी पावणेसात. पिंजरा पाण्यापासून पंधरा-वीस पावलांवर ठेवला, दार तळ्याकडे. थवा यायच्या आधीच ठेवायचा आणि दार उघडायचं नाही, असा बाईंचा आग्रह. मी म्हटलं आधीच सोडूया ना. त्यांनी नाही म्हटलं, घाबरून ती पळाली तर कुठे जाईल सांगता येत नाही, आधी तिला तिचे लोक ऐकू येऊ देत.

सात-पाचला लांबून आवाज आला. मला तो नेहमीचा गोंगाटच वाटला. माई पिंजऱ्यात उठून उभी राहिली. थवा तळ्यावर येईपर्यंत ती गप्प होती, मग एक हाक दिली, त्या वरच्या पट्टीतली. थवा पुढे गेला. त्यातून एक पक्षी बाजूला पडला, चकर घेतली, ओरडला, गप्प झाला. माईने परत दिली. आणि मग तो ज्या पद्धतीने खाली आला त्याला उतरणं म्हणत नाहीत, पाय पुढे, पंख वाकडे, जवळजवळ पडलाच गवतावर. बाईंनी दोरी ओढून दार उघडलं.

पुढचं मिनिटभर दोघं माना लांब करून एकमेकाच्या कानाशी ओरडत होते, एक संपायच्या आत दुसरा, इतकं एकावर एक की एकच पक्षी ओरडतोय असं वाटावं. मुलगी थोडी मागे उभी राहून तिचंही चालू. पायाचं बोट बघितलं, नव्हतं. आबाच. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची एक खिडकी धाडकन बंद झाली, रविवारची सकाळ होती शेवटी.

माई पहिले दहा दिवस संध्याकाळी नदीवर गेली नाही आणि आबा पण नाही. अकराव्या दिवशी डोकं झटकणं सुरू झालं आणि दोघं उडाले, माई थोडी डावीकडे कलून, आबा तिच्या पुढे, आणि वळेपर्यंत आवाज येत होता.

आज केलं असतं तर काय वेगळं

जखमी पक्षी दिसला की पहिलं काम धावणं नाही, पाण्याच्या बाजूला जाऊन उभं राहणं. त्या एका चुकीने दोन दिवस गेले. स्पीकरवर आवाज वाजवला नसता. आणि पहिल्याच दिवशी पाचही जणांचे गाल, पाय, शेपटीचे फोटो काढून ठेवले असते, म्हणजे त्या मुलीवरून एवढा गोंधळ झाला नसता. कुत्र्याची तारीख ढकलणं मी परत केलं असतं, पण मीटिंगमध्ये फॉरवर्डमधल्या प्रेमकथेला उत्तर देण्यात अर्धा तास घालवला नसता. 'याच तळ्यावर सोडलं तर बाईंना पक्षी वर्षभर पोसावा लागणार नाही' एवढं एक वाक्य पुरलं असतं.

एका गोष्टीवर अजून माझं मत ठरत नाही. तीन आठवडे मिळाले असते तर पंख सरळ झाला असता का? ती अजूनही थोडी कलून उडते.

त्यानंतर

डिसेंबरात ठरल्याप्रमाणे कुत्रा आला, थवा गेला, सकाळी शांतता झाली आणि गवतावर चालता येऊ लागलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आबा आणि माई दोघंच परत आले, कचऱ्याच्या कुंपणामागे. जिथे एकदा पिल्लं निघाली तिथेच जोडी दर वर्षी येते, हाच जन्माच्या जोडीचा आमच्या दृष्टीने तोटा. बोर्डाने अंड्यांना मक्याचं तेल लावायचं ठरवलं. त्याला आधी फेडरल रजिस्ट्रेशन लागतं, आणि अंडं पाण्यात टाकून बघावं लागतं. तळाशी बसलं तर अजून सुरुवातीचं आहे, तेल लावता येतं. तरंगलं तर आत पिल्लू बरंच वाढलंय, तसंच परत ठेवायचं. अंडी काढून टाकली तर मादी परत घालते, तेल लावलेल्या अंड्यांवर मात्र ती बसून राहते.

रजिस्ट्रेशनचा फॉर्म मी भरला, कारण घरटं नक्की कुठे आहे ते मलाच माहीत होतं. पाच अंडी होती. छत्री नवीन घ्यावी लागली.